फेनिबुट थांबवलं की हात का थरथरतात?

प्रश्न: ताणामुळे झोप लागत नव्हती म्हणून पाच महिन्यांपूर्वी फेनिबुटची पावडर ऑनलाइन मागवली. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा अर्धा ग्रॅम घ्यायचो, आता रोज अडीच ग्रॅमच्या आसपास जातं. मागच्या आठवड्यात पाकीट संपलं आणि दीड दिवस काहीच नव्हतं, तर हात थरथरायला लागले, छाती धडधडत होती, डोळ्याला डोळा लागला नाही. नवीन पाकीट आल्यावर घेतलं आणि दोन-तीन तासांत सगळं शांत. डब्यावर ‘सवय लागत नाही’ असं लिहिलंय. मग ही माझीच चिंता वाढलीय का? आणि आता एकदम बंद करून टाकलं तर चालेल का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. नाही, एकदम बंद करू नका. रोजचे अडीच ग्रॅम आणि दीड दिवसाच्या खंडात हातांना कंप, हे चित्र बघता अचानक थांबणं धोक्याचं आहे. मानसोपचारतज्ज्ञाची किंवा व्यसनमुक्ती विभागाची भेट होईपर्यंत आहे तेवढाच डोस ठेवा, वाढवू नका, आणि त्यावर दारू, झोपेच्या गोळ्या किंवा अफूवर्गातली वेदनाशामकं अजिबात घेऊ नका. मधल्या काळात आकडीचा झटका आला, नसलेल्या गोष्टी दिसायला-ऐकायला लागल्या, किंवा दिवस-वेळ-जागेचा गोंधळ व्हायला लागला तर भेटीची वाट बघू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

आता चिंतेबद्दल. तुमच्या वर्णनातच याचं उत्तर आहे, आणि ते वेळापत्रकात आहे. मूळची चिंता घड्याळ बघून येत नाही. ती प्रसंगाला धरून येते: काम अंगावर आलं, कुणाशी वाजलं, उद्याचा विचार मनात घोळला. तुमचा त्रास शेवटच्या डोसपासून ठरावीक तासांनी आला, कुठलंही कारण नसताना वाढत गेला आणि पुढचा डोस पोटात गेल्यावर दोन-तीन तासांत ओसरला. त्यात थरथर होती, जी तुम्हाला पाच महिन्यांपूर्वी नव्हती. हा क्रम मी दारू आणि झोपेच्या गोळ्यांच्या रुग्णांत वर्षानुवर्षं बघत आले आहे. याला विड्रॉल म्हणतात. तुमचं शरीर औषधाशी जुळवून घेऊन बसलंय आणि औषध कमी पडलं की तक्रार करतं. यातला खरा सापळा असा, की ही तक्रार हुबेहूब चिंतेसारखी वाटते. माणूस समजतो, ‘बघा, मला याची किती गरज आहे,’ आणि डोस वाढवतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण याच वाटेने आलेले असतात. नशा करायची म्हणून सुरुवात केलेले त्यात फार थोडे.

तरीही एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. फेनिबुट घेणाऱ्या प्रत्येकाला हे होईलच असं नाही. महिन्यातून एखाद्या वेळी थोडं घेणाऱ्याला थांबवताना बहुधा काहीच जाणवत नाही. डोस किती, रोज की अधूनमधून, किती आठवडे, सोबत दारू किंवा गोळ्या आहेत का, पूर्वी कधी झटका आलाय का आणि मूत्रपिंडं नीट आहेत का, यावर सगळं अवलंबून असतं. मूत्रपिंडांचा उल्लेख उगाच नाही. हे औषध बऱ्याच अंशी जसंच्या तसं लघवीतून बाहेर जातं. मूत्रपिंडं मंद असतील तर तेवढाच डोस अंगात साचत राहतो.

मुळात हा पदार्थ सप्लिमेंट नाही, औषध आहे. तो १९६० च्या दशकात सोव्हिएत संघात, लेनिनग्राडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी तयार केला. रशियात तो आजही चिंता आणि निद्रानाशासाठी डॉक्टर लिहून देतात. तिथली नेहमीची मात्रा २५० ते ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, तीही काही आठवड्यांच्या कोर्ससाठी. म्हणजे ज्या देशात हे औषध म्हणून वापरलं जातं, तिथेही कुणी तुम्हाला ‘लागेल तेवढं घ्या, महिनोन्‌महिने घ्या’ असं सांगणार नाही. तुमचा आजचा डोस त्या नेहमीच्या मात्रेच्या वर आहे आणि मुदत तर कितीतरी जास्त आहे.

त्याची रचना समजली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. चेतापेशींचं धावणं आवरण्याचं काम ते करतं. बाहेरून घेतलेला गाबा मेंदूत फारसा पोचत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला अडवतो. फेनिबुट म्हणजे गाबाच्याच रेणूला जोडलेलं एक फेनिल वलय. हे वलय जोडल्यामुळे रेणू तो पडदा ओलांडू शकतो. त्याच रेणूवर क्लोरीनचा एक अणू आणखी बसवला की बॅक्लोफेन होतं, जे स्नायूंच्या ताठरपणावर आम्ही रोज लिहून देतो. बॅक्लोफेन अचानक बंद केलं तर झटके आणि भ्रम होऊ शकतात हे वैद्यकशास्त्राला नीट माहीत आहे, म्हणून ते हळूहळूच कमी करतात. त्याच्या सख्ख्या भावंडाला ‘सवय लागत नाही’ असं लेबल लावायचं, यात मला तरी धंद्याखेरीज दुसरं काही दिसत नाही.

मेंदूत फेनिबुट दोन ठिकाणी काम करतं. एक म्हणजे गाबा-बी नावाचे रिसेप्टर, ज्यावर बॅक्लोफेनही बसतं. दुसरं, चेतापेशींवरच्या कॅल्शियम वाहिन्यांचा एक भाग, जिथे गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधं बसतात. या दोन्ही जागी ते चेतापेशींना ‘जरा दमानं’ असं सांगतं. म्हणून शांत वाटतं, माणसांत बोलायला मोकळं वाटतं, झोप येते. झोपेच्या डायझेपामसारख्या गोळ्या मात्र तिसऱ्याच ठिकाणी, गाबा-ए रिसेप्टरवर काम करतात. हा फरक लक्षात ठेवा, खाली त्याचा उपयोग आहे.

आता रोज बाहेरून हा आवर घातला जाऊ लागला की मेंदू गप्प बसत नाही. त्याला आपला समतोल हवा असतो. आवर घालणारे रिसेप्टर हळूहळू बोथट होतात आणि उत्तेजित करणारी बाजू जोर वाढवते. रस्सीखेचीत समोरचा गट जेवढा जोर लावेल तेवढाच आपणही लावतो, आणि समोरच्यांनी अचानक दोर सोडला की आपण पाठीवर आपटतो, तसं काहीसं इथे होतं. औषध गेलं, पण त्याला तोंड द्यायला वाढवलेला जोर तिथेच आहे. तो जोर म्हणजे तुमचा कंप, घाम, धडधड आणि उडालेली झोप. जोर थोडा असेल तर त्रास एवढ्यावरच थांबतो. डोस मोठा असेल तर गोष्ट भ्रम, झटके आणि स्नायूंच्या पेशी फुटण्यापर्यंत जाते. म्हणूनच हा विड्रॉल नुसता ‘मन घट्ट करून’ काढायचा प्रकार नाही. इच्छाशक्तीने झटका थांबत नाही.

डोस इतका भराभर का वाढतो, याचं एक कारण फारसं कुणी सांगत नाही. तोंडावाटे घेतलेलं फेनिबुट अंगात जाणवायला साधारण दोन ते चार तास लागतात. कॉफीसारखं वीस मिनिटांत कळेल या अपेक्षेने माणूस तासभर थांबतो, ‘काहीच होत नाही’ म्हणून आणखी अर्धा चमचा घेतो, आणि मग दोन्ही डोस एकावर एक चढतात. त्या दिवशी जास्त गुंगी येते, पण मनात नोंद होते ती ‘मला दोन डोस लागतात’ अशी. त्यातून पावडर चमच्याने मोजलेली. चमचाभर पावडर कधी किती भरते हे पावडर किती बारीक आहे, किती दाबली गेली यावर ठरतं. तुम्ही ‘अडीच ग्रॅमच्या आसपास’ लिहिलंय. मी ते दोन ते साडेतीन असं वाचलं.

शिवाय लेबलवरचा आकडाही खरा मानता येत नाही. अमेरिकेत बाजारातली अशी सप्लिमेंट तपासली, तेव्हा एका वेळच्या मात्रेत २१ मिलिग्रॅमपासून ११६४ मिलिग्रॅमपर्यंत फेनिबुट सापडलं होतं. वरचा आकडा रशियातल्या एका वेळच्या नेहमीच्या मात्रेच्या दुपटीहून जास्त आहे. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये विक्रेत्यांना इशारापत्रं पाठवून स्पष्ट सांगितलं, की हा पदार्थ आहारातील घटकाच्या व्याख्येतच बसत नाही. ऑस्ट्रेलियाने त्याच्या आदल्याच वर्षी फेनिबुट थेट प्रतिबंधित पदार्थांच्या यादीत टाकलं. इतरत्र नियम वेगवेगळे आहेत, आणि त्या फटीतूनच ‘नैसर्गिक’ शिक्का मारलेली पाकिटं घरोघर पोचतात.

हा विड्रॉल हाताबाहेर गेला तर कसा दिसतो, ते एका रुग्णाच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. तिशीतले गृहस्थ. लोकांसमोर बोलताना घाबरायला व्हायचं म्हणून सुरुवात केली, वर्षभरात रोजचे आठ ग्रॅम, चार वेळा विभागून. रात्री मधेच जाग यायची आणि उशाशी ठेवलेला डोस घेतल्याशिवाय पुन्हा झोप नाही. एके दिवशी पत्नीला कळलं, भांडण झालं आणि त्यांनी उरलेली पावडर बेसिनमध्ये ओतून दिली. हेतू चांगलाच होता.

पहिल्या दिवशी नुसती अस्वस्थता. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, हातातला कप धरवेना. दुसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर किडे चालताना दिसायला लागले आणि खोलीत कुणीतरी बोलतंय असं वाटायला लागलं. पहाटे घरच्यांनी रुग्णालयात नेलं. नाडी मिनिटाला १३० च्या वर, रक्तदाब चढलेला, अंग तापलेलं, रक्तात स्नायूंचं सीके नावाचं एन्झाइम बरंच वाढलेलं. तिथल्या डॉक्टरांना हा दारूचा विड्रॉल वाटला. वाटणारच, चित्र अगदी तेच असतं. पण घरचे शपथेवर सांगत होते की हा माणूस पीत नाही. लघवीची ड्रग टेस्ट केली, ती कोरी आली. नेहमीच्या चाचणीत फेनिबुट शोधण्याची सोयच नसते, त्यासाठी विशेष प्रयोगशाळा लागते. तोवर त्यांना डायझेपामच्याच जातीचं लोराझेपाम देत राहिले. झटका आला नाही, हे त्याचंच श्रेय. पण भ्रम काही केल्या पूर्ण जाईना, गुंगी मात्र वाढत चालली. इथे वरचा फरक आठवा. लोराझेपाम गाबा-एवर काम करतं आणि रिकामी पडलेली जागा होती गाबा-बीची. शेजारच्या दाराने आत जाऊन तेवढा आवर येत नाही.

दुपारी भावाने घरातून रिकामं पाकीट आणलं आणि सगळा खुलासा झाला. बॅक्लोफेन सुरू केलं, शिरेतून भरपूर द्रव दिले, लोराझेपाम हळूहळू उतरवलं. दीड-दोन दिवसांत किडे गेले, नाडी शंभराच्या खाली आली. पुढे बॅक्लोफेन कमी करत करत थांबवायला दोन महिन्यांहून अधिक लागले आणि त्यातले शेवटचे काही मिलिग्रॅम सर्वांत कठीण गेले. त्या गृहस्थांनी येताना पाकीट आणलं असतं किंवा नुसतं नाव सांगितलं असतं, तरी अर्धा दिवस वाचला असता. न सांगण्याचं कारण विचारलं तर म्हणाले, ‘डॉक्टरांनी कुठली औषधं घेता असं विचारलं. हे तर सप्लिमेंट.’

तुमचा डोस त्यांच्या एक तृतीयांशही नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण दीड दिवसातच कंप सुरू झाला म्हणजे तुमच्याही मेंदूने जोर लावायला सुरुवात केलेली आहे. अशा रुग्णाच्या बाबतीत मी काय करते ते सांगते. तुमचे डॉक्टर थोडं वेगळं करतील, आणि त्यात वावगं काही नाही, कारण फेनिबुट सोडवण्याची सर्वमान्य मार्गदर्शक पद्धत अजून ठरलेली नाही. जे काही आहे ते रुग्णांच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदींतून आणि बॅक्लोफेनच्या अनुभवातून आलेलं आहे.

आधी मूत्रपिंडांची रक्त तपासणी आणि ईसीजी. मग खरा डोस किती ते ठरवणं. त्यासाठी मी मिलिग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा वापरायला सांगते आणि आठवडाभर रोजची मात्रा, वेळ आणि त्रास लिहून ठेवायला सांगते. या आठवड्यात कमी काहीच करायचं नाही, फक्त चमच्याची सवय मोडायची आणि दिवसाचा डोस तीन सारख्या भागांत, ठरलेल्या वेळी घ्यायचा. रात्रीचा एकच मोठा डोस घेणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी-संध्याकाळी जो कासावीसपणा येतो, तो नुसत्या या विभागणीनेच बराच कमी होतो.

मग दोन वाटा असतात. डोस तुमच्याएवढा असेल, घरी लक्ष द्यायला कुणी असेल आणि पूर्वी झटके आलेले नसतील, तर फेनिबुटच हळूहळू उतरवता येतं. मी साधारण एकूण डोसच्या दहाव्या भागाने कमी करते, म्हणजे अडीच ग्रॅमवर एका वेळी पाव ग्रॅम, आणि मग आठवडा-दोन आठवडे तिथेच थांबते. झोप आणि हातांचा कंप पूर्ववत झाला तरच पुढची पायरी. खाली आल्यावर पायऱ्या लहान करते, कारण एक ग्रॅममधून पाव ग्रॅम काढणं म्हणजे चौथा भाग काढणं, आणि शरीराला ग्रॅम कळत नाहीत, प्रमाण कळतं. त्रास वाढला तर मागच्या पायरीवर जायचं, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी वाट म्हणजे फेनिबुट काढून त्या जागी बॅक्लोफेन देणं आणि मग तेच उतरवणं. याचा फायदा असा की गोळीतली मात्रा नेमकी असते आणि पाकिटात काय आलंय याचा प्रश्न राहत नाही. काही नोंदींमध्ये एका ग्रॅम फेनिबुटमागे आठ ते दहा मिलिग्रॅम बॅक्लोफेन असं प्रमाण वापरलेलं आहे. पण कृपया हे वाचून स्वतः औषधाच्या दुकानात जाऊ नका. हा आकडा फक्त सुरुवातीचा अंदाज असतो, पुढचं रुग्ण बघून ठरतं. फेनिबुट अंगात असतानाच त्यावर बॅक्लोफेन चढलं तर गाढ गुंगी येते आणि श्वास मंदावू शकतो. मूत्रपिंडं कमकुवत असतील तर अगदी कमी मात्रेतही. आणि तेही अचानक थांबवता येत नाही. काही रुग्णांना गॅबापेंटिनचाही आधार दिला जातो, कारण ते फेनिबुटच्या दुसऱ्या जागेवर, कॅल्शियम वाहिन्यांवर काम करतं.

ही गोष्ट घरी बसून कुणी करू नये, तेही सांगते. रोजचा डोस पाच-सहा ग्रॅमच्या पुढे असेल, सोबत रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील, पूर्वी झटका येऊन गेला असेल, गरोदरपण असेल किंवा एकटे राहत असाल, तर दाखल होऊनच करावं. पाच-सहा ही काही दगडावरची रेघ नाही, माझा स्वतःचा उंबरठा आहे. मी दोन ग्रॅमवरच्या माणसालाही भ्रम झालेला पाहिलाय. तो सोबत रोज दारूही घ्यायचा.

सोडल्यानंतरच्या काळाबद्दल थोडंसं. मुख्य शारीरिक त्रास साधारण पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो, पण झोप त्यानंतरही काही आठवडे कच्ची राहते आणि मधूनच चिंतेच्या लाटा येतात. या काळात ‘माझी मूळची चिंताच अशी आहे’ असा निष्कर्ष काढायचा नाही. शेवटच्या डोसनंतर सहा-आठ आठवडे गेले की मगच मी रुग्णाकडे नव्याने बघते. तेव्हा जे उरतं ते तुमचं मूळ दुखणं, आणि त्यावर निद्रानाशाची वर्तनोपचार पद्धत किंवा सवय न लावणारी चिंतेची औषधं हे रीतसर मार्ग आहेत. बऱ्याच जणांच्या बाबतीत उरलेलं दुखणं त्यांना वाटत होतं त्यापेक्षा लहान निघतं, पण सगळ्यांच्या नाही.

भेटीला जाताना फेनिबुटचं पाकीट सोबत न्या, रिकामं असलं तरी. पहिलं वाक्य ‘मला चिंतेचा त्रास आहे’ असं नको. ‘मी पाच महिने रोज अडीच ग्रॅम फेनिबुट घेतोय, हे गाबा-बीवर काम करणारं, बॅक्लोफेनसारखं औषध आहे, आणि दीड दिवस थांबल्यावर मला कंप आला’ असं सांगा. अनेक डॉक्टरांनी हे नाव ऐकलेलं नसतं. बॅक्लोफेन म्हटलं की पुढचं त्यांना समजतं. आणि नवीन पाकिटात आता किती शिल्लक आहे ते आजच मोजून बघा. भेटीच्या तारखेआधी ते संपणार असेल तर भेट अलीकडे घ्या.